घरखर्चाचा दहा वर्षांनंतरचा अंदाज

आज महिन्याला लागणारा घरखर्च महागाई ठरावीक दराने वाढत राहिली तर दहा वर्षांनी किती होईल, हे काढण्याची रीत. हिशेब चक्रवाढीचा असतो. दर ६ टक्के धरला, तर ३०,००० रुपयांचा खर्च वर्षाने ३१,८०० होतो. दुसऱ्या वर्षीचे ६ टक्के या ३१,८०० वर लागतात आणि खर्च ३३,७०८ वर जातो. असे दहा वेळा गुणले की ५३,७२५ येतात. संगणकाच्या तक्त्यात एवढे लिहिले तरी पुरते:

```
=30000*1.06^10
```

‘सहा दाहे साठ’ म्हणून सरळ ६० टक्के वाढवले, तर ४८,००० येतात, म्हणजे महिन्याला पावणेसहा हजार कमी. ही चूक सर्रास होते.

गुणाकार सोपा; अडते ते मूळ रक्कम ठरवताना. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि बोईसरलाच फ्लॅट, असे एक घर उदाहरणादाखल धरू. वर्षातला कुठलाही एक महिना उचलून चालत नाही. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि छत्र्या एकदम येतात. त्याआधी मे महिन्यात आगोटीची खरेदी होते: तांदूळ, मसाला, सुके बोंबील, सोडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने सातपाटीच्या ताज्या मासळीचा ओघ आटतो आणि मिळेल ती महाग पडते. यातला एखादा महिना नमुना म्हणून घेतला, तर त्याचा फुगवटाही दहा वर्षे चक्रवाढीने वाढत राहतो. म्हणून बारा महिन्यांचा खर्च मांडून, गणपती-दिवाळी धरून, त्याला बाराने भागावे.

या घराची सरासरी ३०,००० आली. त्यात ८,००० गृहकर्जाचा हप्ता आहे, आणि हप्ता महागाईने वाढत नाही. व्याजदर बदलला तर तो किंवा कर्जाची मुदत बदलते. भाजी महागली म्हणून नाही. तेव्हा हप्ता बाजूला काढून उरलेल्या २२,००० लाच १.०६ च्या दहाव्या घाताने, म्हणजे १.७९ ने गुणायचे. ते सुमारे ३९,४०० होतात. हप्ता तेव्हाही चालू असेल तर एकूण ४७,४००. भाड्याच्या घराचे गणित वेगळे, कारण अकरा महिन्यांचा करार नवा करताना भाडे वाढतेच.

दुसरी गाठ मुलांच्या वयाची. आज तिसरीतल्या मुलीच्या शाळेला आणि शिकवणीला महिन्याला ४,००० जातात. दहा वर्षांनी ती पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल, म्हणून तिसरीची फी वाढवून पाहण्यात काही अर्थ नाही. पदवीच्या शिक्षणाला आज किती लागतात ते विचारून तो आकडा घालावा. समजा तो ७,००० आहे. मग महागाई लागणारी रक्कम २५,००० होते, दहा वर्षांनी सुमारे ४४,७७०, आणि हप्त्यासह ५२,७७०. हा आकडा पहिल्या ढोबळ हिशेबाच्या जवळ आला, हा निव्वळ योगायोग. एक चूक दुसरीने झाकली, इतकेच. मुलगी शिकून नोकरीला लागलेली असती, तर तोच ढोबळ हिशेब कितीतरी जास्त दाखवत राहिला असता.

‘ठरावीक दर’ हे गृहीतक आहे. रिझर्व्ह बँकेचे लक्ष्य ४ टक्के, आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा. प्रत्यक्षात किरकोळ महागाई एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के होती, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्के. शिवाय हा निर्देशांक देशभरच्या सरासरी टोपलीचा. पालघरच्या बाजारातली टोपली तशीच असेल असे नाही, आणि दवाखाना किंवा शिकवणी यांचा भार ज्या घरावर जास्त, त्याची स्वतःची महागाई वेगळी निघते. गेल्या तीन-चार वर्षांच्या वह्या जपल्या असतील तर तीही काढता येते. मात्र सारख्याच वस्तू आणि सारखेच वजन घेऊन ताडावे, नाहीतर घरात आलेली नवी गाडीही महागाईत मोजली जाते. एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा दोन टोके काढावीत. वरच्या घराला ४ टक्क्यांनी सुमारे ४५,००० आणि ८ टक्क्यांनी सुमारे ६२,००० लागतील.

हेच गणित उलटेही चालते. आजचे ३०,००० दहा वर्षांनीही ३०,०००च मिळत राहिले, तर ६ टक्क्यांच्या महागाईत त्यांत आजच्या १६,७५० रुपयांइतकाच माल येईल. महागाई भत्ता असलेल्या केंद्र सरकारी निवृत्तांची पेन्शन भत्त्यासोबत वाढते. कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून मिळणाऱ्या पेन्शनला असा भत्ता नाही. त्यांच्या हिशेबात खर्चाची ओळ वर चढते आणि पेन्शनची ओळ सपाट राहते.