श्रेयनामावलीतला ‘खान’ कोण? : ‘गांधी’ चित्रपटाची पात्रयादी वाचताना

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अमरीश पुरी यांच्या नावापुढे एकच शब्द आहे: ‘खान’. गांधीजींच्या चरित्रात खान म्हटले की सरहद्द गांधी, म्हणजे खान अब्दुल गफार खान आठवतात. तेव्हा अमरीश पुरींनी बादशहा खान साकारले, असा समज सहज होऊ शकतो. तो खरा की खोटा, हे चित्रपट पुन्हा न पाहताही बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी यादी वाचण्याची रीत मात्र ठाऊक हवी.

प्रथमदर्शनी ही यादी विस्कळीत वाटते. महात्मा गांधींच्या भूमिकेतील बेन किंग्जली सोडले, तर पुढची सहा नावे अशी आहेत: कँडिस बर्गन, एडवर्ड फॉक्स, जॉन गिलगुड, ट्रेव्हर हॉवर्ड, जॉन मिल्स, मार्टिन शीन. यातील कोणाचीही भूमिका कस्तुरबांपेक्षा किंवा नेहरूंपेक्षा मोठी नाही. मग ती आधी का? आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे लावून पाहिली की उलगडा होतो. हा क्रम वर्णानुक्रम आहे, आणि तो जागतिक ख्यातीच्या ताऱ्यांपुरता आहे. शीननंतर अक्षरे पुन्हा मागे फिरतात: इयन चार्ल्सनपासून दुसरा गट सुरू होतो आणि सईद जाफ्री, अलेक पदमसी, अमरीश पुरी, रोशन सेठ असा पुढे जातो. त्यानंतर इयन बॅननपासून तिसरा गट लागतो. श्रीराम लागू, ओम पुरी, वीरेंद्र राझदान हे या गटात आहेत.

म्हणजे ही एक यादी नसून एकापुढे एक जोडलेल्या अनेक याद्या आहेत. वर्णानुक्रम जिथे तुटतो, तिथे नवा गट सुरू होतो. गट कलाकाराचे व्यावसायिक वजन सांगतो, पडद्यावरचा वेळ सांगत नाही. ओम पुरींचा ‘नहारी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. कलकत्त्याच्या उपोषणाच्या प्रसंगात, लहान मुलाचा खून केल्याची कबुली देत गांधीजींसमोर येणारा तो हिंदू. प्रसंग एकच, तरी नाव वरच्या यादीत.

दुसऱ्या गटात एक गोम आहे. रोहिणी हट्टंगडी यांचे आडनाव इंग्रजी ‘एच’ने सुरू होते, त्यामुळे त्यांचे नाव हाल्मर आणि जाफ्री यांच्यामध्ये यायला हवे होते. प्रत्यक्षात ते गटाच्या अखेरीस, सेठ यांच्याही नंतर येते. ही चूक मानण्याचे कारण नाही. चित्रव्यवसायात पहिल्या स्थानाखालोखाल मान शेवटच्या स्थानाला असतो, आणि इथे त्या स्थानी कस्तुरबा आहेत. हिंदी चित्रपटांत प्राण यांचे नाव वर्षानुवर्षे सर्वांच्या शेवटी ‘आणि प्राण’ असे झळकत असे, तेही याच संकेताने. ते ‘आणि’ इतके रूढ झाले, की त्यांच्या चरित्रग्रंथाचे नावच त्यावरून ठेवले गेले.

अशा मानाच्या शब्दांना शब्दशः पुरावा मानू नये. ‘शोले’च्या (१९७५) श्रेयनामावलीत अमजद खान यांची ओळख पदार्पण करणारा कलावंत म्हणून करून दिली आहे. प्रत्यक्षात ते ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) मध्ये बालकलाकार म्हणून आणि ‘हिंदुस्तान की कसम’ (१९७३) मध्ये छोट्या भूमिकेत दिसले होते. ‘पाहुणा कलाकार’ आणि ‘विशेष भूमिका’ यांचेही तसेच. हे शब्द कलावंत आणि निर्माता यांच्यात काय ठरले ते सांगतात, भूमिकेची लांबी सांगत नाहीत. शिवाय पाहुण्यांची नावे पुष्कळदा पात्राच्या नावाविना, एका पाटीवर एकत्र येतात. तिथे यादीचा उपयोग संपतो आणि चेहरा ओळखण्यावाचून गत्यंतर नसते.

‘गांधी’च्या यादीतील खरी खाण तिसऱ्या गटाच्या पुढे लागते. तिथे हर्ष नय्यर यांचे नाव येते, भूमिका नथुराम गोडसे. इतके महत्त्वाचे पात्र पंचविसाव्या क्रमांकाच्याही पुढे का? कारण इथून नियम बदलतो. वर्णानुक्रम संपतो आणि पडद्यावर येण्याचा क्रम सुरू होतो. चित्रपट ३० जानेवारी १९४८ च्या हत्येने उघडतो, म्हणून गोडसेजवळच आपटे (विजय कश्यप) आणि करकरे (निगम प्रकाश) आहेत. पाठोपाठ मनू (सुप्रिया पाठक) आणि आभा (नीना गुप्ता) येतात. मग अंत्ययात्रेचे धावते वर्णन करणारा समालोचक येतो, आणि थोड्याच अंतरावर हमाल, युरोपीय प्रवासी व रेल्वेचा कंडक्टर. कथा १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेतील आगगाडीत शिरली, हे यादीवरूनच कळते.

या क्रमाचा लाभ निनावी पात्रांना होतो. प्रार्थनासभेच्या गर्दीत गोडसेशी नजरानजर करणारे चेहरे कोणाचे, हे संवादांतून कळत नाही. पण गोडसे आणि मनू या दोन पक्क्या खुणांच्या मध्ये ज्यांची नावे आहेत, त्यांचा शोध त्या दोघांच्या मधल्या काही क्षणांतच घ्यावा लागतो. पुढे दूरदर्शनवर तेनाली रामाच्या भूमिकेने घरोघरी पोहोचलेले विजय कश्यप इथे असे सापडतात. दक्षिण आफ्रिकेच्या भागात असेच ‘कॉलिन’ हे नाव लागते: रस्त्यात गांधीजींची वाट अडवणारा गोरा तरुण. त्याची आई त्याला हाक मारते, म्हणून नाव आणि चेहरा यांची गाठ पक्की बसते. तो नट म्हणजे डॅनियल डे-लुईस. पुढे कीर्ती मिळाल्यावर असे नाव नंतरच्या याद्यांत वर सरकवले जाते, आणि मूळ क्रमातला पुरावा तेवढा नाहीसा होतो. म्हणून यादी घ्यावी ती चित्रपटाच्या फितीवरचीच.

आता खानांकडे. अमरीश पुरी दुसऱ्या, म्हणजे वर्णानुक्रमाच्या गटात आहेत. त्यामुळे त्यांचे स्थान प्रसंगाविषयी काहीच सांगत नाही. परंतु यादीत ‘खान अब्दुल गफार खान’ हे नाव पूर्ण स्वरूपात स्वतंत्रपणे आले आहे, आणि त्यापुढे दिलशेर सिंग हे नाव आहे. एका भूमिकेला दोन नट नसतील, तर नुसता ‘खान’ हा दुसरा कोणी असलाच पाहिजे. पडदा तेच सांगतो: अमरीश पुरी दिसतात ते दक्षिण आफ्रिकेत, श्रीमंत भारतीय व्यापाऱ्याच्या रूपात. बादशहा खान साकारण्याचे श्रेय दिलशेर सिंग यांचे आहे.

हीच वजाबाकी जॉन मिल्स यांच्या ‘व्हाइसरॉय’लाही लागू पडते. गिलगुड यांच्यापुढे लॉर्ड आयर्विन स्पष्ट लिहिले आहे आणि माउंटबॅटनही वेगळे आहेत. मिल्स यांचे प्रसंग रौलेट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या काळातले, म्हणजे १९१९ चे. त्या वेळी व्हाइसरॉय होते लॉर्ड चेम्सफर्ड. टॉम आल्टर यांच्या बाबतीत एवढीही खटपट लागत नाही. त्यांची भूमिका आगाखान पॅलेसमधील डॉक्टरची आहे, आणि पुण्याच्या त्या वास्तूत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. पात्राला नाव नसले, तरी ते कोणत्या प्रसंगात शोधायचे हे जागेच्या नावावरूनच कळते.