साडेपाचचा टेम्पो

एप्रिलमधला शनिवार. देवगड हापूसची ऑनलाइन विक्री, दोन डझनांची पेटी १,८०० रुपयांना. संध्याकाळी साडेपाचला टेम्पो निघायचा होता.

सकाळी ९:४५, पावणेआठ तास बाकी

गेल्या हंगामात आमचा पेमेंट गेटवे ऐन गर्दीत बसला होता, म्हणून यंदा दोन घेतले. आमच्या बोलण्यात ते ‘अ’ आणि ‘ब’. नियम सोपा होता: ‘अ’कडून आठ सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ग्राहकाला ‘ब’कडे वळवायचं. चाचणी म्हणून मी ‘अ’ची की मुद्दाम चुकीची टाकली. लगेच नकार आला, ‘ब’ उघडला, सगळे खूश. ‘अ’ने नकार न देता नुसता उशीर केला तर काय होईल, हे कोणीच तपासलं नाही.

१०:३०, सात तास बाकी

विक्री सुरू झाली आणि एका बँकेकडून यूपीआयची उत्तरं रेंगाळू लागली. ग्राहक पिन टाकत होता, खात्यातून पैसे जात होते, पण ते गेल्याची खबर ‘अ’पर्यंत पोचत नव्हती. आठ सेकंद झाले की आमचं पान सांगत होतं, ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा करा’. ग्राहक ‘ब’वर पुन्हा पैसे भरत होता. उत्तर न येणं आणि ‘नाही’ असं उत्तर येणं, या दोन गोष्टी आमच्या प्रोग्रामने एकच धरल्या होत्या.

११:००, साडेसहा तास बाकी

‘अ’कडून अडकलेले निरोप आता येऊ लागले: वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्यावर गेटवे आपणहून आमच्या सर्व्हरला पाठवतो ती सूचना. आमच्या नोंदवहीत प्रत्येक ऑर्डरपुढे पेमेंट क्रमांकासाठी एकच रकाना होता. त्यात ‘ब’चा क्रमांक आधीच बसलेला. ‘अ’चा निरोप आला की तो पुसून त्या जागी ‘अ’चा क्रमांक लिहिला जाई. त्यामुळे वही अगदी नीट दिसत होती: ३०० ऑर्डरी, ३०० क्रमांक, ५,४०,००० रुपये.

दुपारी २:००, साडेतीन तास बाकी

डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला. ‘‘अहो, पेटी एकच मागवली, मग ३,६०० का गेले?’’ मी म्हणालो, ‘‘काकू, पाच दिवसांत आपोआप परत येतील.’’ ते चूक होतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा पाच दिवसांचा नियम आहे तो पैसे कापले गेले पण दुकानदाराला खात्रीचा निरोपच मिळाला नाही, अशा व्यवहारासाठी. इथे दोन्ही पेमेंटं यशस्वी होती. आपोआप काहीच परत येणार नव्हतं, परतावा आम्हालाच द्यायचा होता.

मग दोन्ही गेटवेंची पानं शेजारी उघडली. ‘अ’वर २१४ यशस्वी, ‘ब’वर १४७. एकूण ३६१. म्हणजे ६१ जणांनी दोनदा भरले होते, १,०९,८०० रुपये जास्तीचे.

४:३०, एक तास बाकी

मोबाइल नंबर जुळवून ६१ नावांची यादी केली. हिशेब बघणारा मित्र म्हणाला, ‘‘मी ‘अ’वरून परतावे देत यादीत वरून खाली येतो, तू ‘ब’वरून देत खालून वर ये.’’ कोणाचा परतावा झाला हे लिहायला दोघांची मिळून एक जागा नव्हती. घाईत आम्ही एकमेकांना ओलांडून पुढे गेलो.

५:३०

टेम्पो निघाला. त्यानंतर लक्षात आलं की १९ जणांना दोन्हीकडून पैसे परत गेले होते. सुटलेला परतावा मागे घेता येत नाही. १९ पेट्या, ३४,२०० रुपये, फुकट.

त्यानंतर

सोमवारी वही बदलली. आता ऑर्डर एक असली तरी पैसे भरायच्या प्रत्येक प्रयत्नाला स्वतःची ओळ मिळते, आणि ओळ कधी पुसली जात नाही. शनिवारची ऑर्डर या वहीत अशी दिसली असती:

```
order_id  attempt  gateway  status
H-118     1        A        PENDING
H-118     2        B        SUCCESS
```

उशिरा आलेला निरोप आपल्याच ओळीत बसतो. एका ऑर्डरीवर दोन `SUCCESS` दिसले की दुसरी ओळ परताव्याच्या यादीत जाते, आणि परतावा त्याच ओळीतल्या गेटवेवरून एकदाच सुटतो. वळवण्याचा नियमही आखडला. ग्राहक पैसे भरायला जाण्याआधीच ‘अ’ बंद आढळला, तर बेलाशक ‘ब’. ग्राहक यूपीआय अ‍ॅपमध्ये गेला की मात्र ‘अ’ला स्थिती विचारत राहायचं आणि पानावर ‘तपासत आहोत, पुन्हा भरू नका’ एवढंच लिहायचं. स्पष्ट नकार आल्याशिवाय ‘ब’ उघडत नाही. यात काही ग्राहक कंटाळून निघून जातात, ते आम्ही सोसतो.

त्या १९ जणांना आम्ही फोन केले. अकरा जणांनी पैसे पुन्हा पाठवले. पहिल्या होत्या डोंबिवलीच्या काकू.