वसतिगृहातील गरम पाणी : परतीच्या वाहिनीचे गणित

भंडारा जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा पहाटे वसतिगृहात पहिला उठणारा विद्यार्थी गरम पाण्याचा नळ सोडतो आणि बादलीभर थंड पाणी वाहू देतो. गच्चीवरील सौर संयंत्राच्या टाकीत पाणी गरमच असते; थंड झालेले असते ते वाहिनीतले. यावरचा उपाय म्हणजे शेवटच्या स्नानगृहापासून टाकीपर्यंत परतीची वाहिनी, म्हणजे प्लंबरच्या भाषेत 'रिटर्न लाइन', टाकून छोट्या पंपाने पाणी फिरते ठेवणे. मात्र ही वाहिनी आणि पंप किती आकाराचे असावेत, येथेच बहुतेक ठिकाणी चूक होते.

उदाहरणादाखल तीन मजली वसतिगृह घेऊ. टाकीपासून शेवटच्या स्नानगृहापर्यंत एक इंची वाहिनी ६० मीटर आहे. एक इंची नळात मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. म्हणजे वाहिनीत ३० लिटर. मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या नळाला ते बाहेर काढण्यास पाच मिनिटे लागतात.

पंप ठरविताना कंत्राटदार सहसा नळ मोजतात. वस्तुतः नळ उघडल्यावर लागणारे पाणी पुरवठ्याची वाहिनी आणि टाकीची उंचीच देते. पंपाचे काम वेगळे आहे. कोणीही नळ न उघडता वाहिनीतून जी उष्णता हवेत जाते, तेवढीच त्याने भरून काढायची. म्हणून प्रथम उष्णतेची गळती काढावी. पाणी ५५ अंश आणि सभोवतालची हवा १५ अंश असेल, तर इंचभर जाडीचे आवरण गुंडाळलेली एक इंची वाहिनी मीटरमागे साधारण १० वॅट उष्णता गमावते. उघडी लोखंडी वाहिनी सुमारे ४० वॅट. आपल्या ६० मीटरसाठी हे आकडे अनुक्रमे ६०० आणि २४०० वॅट होतात.

शेवटच्या स्नानगृहापर्यंत पाणी पाच अंशांहून अधिक निवू नये, असे ठरवू. वॅटच्या आकड्याला ७० ने व पुन्हा या पाच अंशांनी भागले की मिनिटाला किती लिटर पाणी फिरवायचे ते मिळते. आवरण असेल तर उत्तर येते जेमतेम पावणेदोन लिटर. नसेल तर सुमारे सात. पहिल्या प्रवाहाला अर्धा इंची परतीची वाहिनी पुरेशी आहे. त्याच अर्ध्या इंचातून सात लिटर नेऊ पाहिल्यास घर्षण दहापटीहून अधिक वाढते. आवरणावरचा खर्च वाचवून मोठा पंप घेणे हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

इमारतीची उंची पंपाच्या हिशेबात धरायची नसते. पाणी ज्या टाकीतून उतरते तीतच परत चढते, त्यामुळे दोन्ही स्तंभ एकमेकांना तोलतात. उरते ते केवळ घर्षण. आपल्या उदाहरणात, परतीची वाहिनी ५० मीटर धरली तरी, ते अर्ध्या मीटरच्या आत राहते. अर्थात, टाकी वर आणि नळ खाली असल्याने पाणी आपोआप फिरेल अशी आशाही नको. गरम पाणी वरच थांबते. पंप परतीच्या उभ्या वाहिनीच्या तळाशी बसवावा, म्हणजे त्यावर पाण्याचा दाब राहतो आणि हवा अडकत नाही. त्याचा देह पितळी, कांस्य किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा. ताज्या पाण्यात बिडाचा पंप गंजतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लावल्यास टाकीतील गरम-थंड थर ढवळले जातात आणि पहाटेचे पाणीच कोमट होते.

पंप चोवीस तास चालू ठेवणे हा दुसरा घोटाळा. दोन्ही वाहिन्या मिळून सुमारे एक किलोवॅट उष्णता जात असेल, तर दिवसाकाठी २४ युनिट. एवढ्या उष्णतेत ५०० लिटर पाणी ४० अंशांनी तापते. टायमर लावून पहाटे पाच ते आठ एवढाच पंप चालविला, तर ही गळती तीन युनिटांच्या आसपास येते.

स्नानगृहांच्या उभ्या ओळी एकाहून अधिक असतील, तर प्रत्येकीच्या परतीच्या शाखेवर प्रवाह समतोल राखणारा व्हॉल्व्ह हवा. अन्यथा पाणी जवळच्या वाटेने परतते आणि टोकाची ओळ थंड राहते. परीक्षा सोपी आहे : पंप अर्धा तास चालल्यावर प्रत्येक परतीच्या शाखेचे आवरण बाजूला सारून नळाला हात लावावा. जी थंड, तिचा व्हॉल्व्ह थोडा उघडावा आणि सर्वांत गरम शाखेचा आवळावा. पंपापुढे एकदिशा व्हॉल्व्ह नसेल, तर नळ उघडताच टाकीच्या तळाचे निवलेले पाणी परतीच्या वाटेने उलट येते. नळाचे गरम पाणी मध्येच कोमट होते आणि परतीची वाहिनी अचानक गार लागते, ही त्याची खूण.

फिरत्या वाहिनीपासून शॉवरपर्यंतचा तुकडा मात्र थंडच राहणार. तो अर्धा इंची आणि पाच मीटरच्या आत ठेवला, तर नळ सोडल्यापासून दहा सेकंदांत गरम पाणी येते.