सफरचंदाशेजारी ठेवलेलं गाजर कडू का लागतं?

बेळगाव : आठवडी बाजारातून आणलेली कोथिंबीर तीन दिवसांत पिवळी पडली की आपण भाजीवाल्याला नावं ठेवतो. पण त्याआधी फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये सफरचंदं आहेत का, हे एकदा बघावं.

सफरचंद, केळी, पपई, चिकू ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याला रंग नाही, आणि घरात तो इतका थोडा असतो की वासही येत नाही. आंब्याच्या अढीत फळं भराभर पिकतात ती याच वायूमुळे. कच्ची चिकू पिकवायची तर पिकलेल्या केळ्यासोबत कागदात गुंडाळून ठेवतात, त्यामागेही हेच कारण. फळाला मात्र हा वायू मानवतो, पालेभाजीला नाही. पालेभाजीत पिकण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ती सरळ म्हातारी होते. हिरवा रंग उडतो, पानं गळतात.

मेथी, पालक, कोथिंबीर आणि काकडी पिवळी पडते. कोबी-फ्लॉवरची पानं देठापासून सुटतात. वांग्याचं देठ काळवंडतं. गाजराचं प्रकरण जरा वेगळं आहे. ते दिसायला ताजंच राहतं, पण चव कडू होते. हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग इथिलीन असलं तरी दोनेक आठवड्यांत गाजराला कडवटपणा येतो. हलव्यासाठी किलोभर गाजरं आणून ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, कारण तो कडूपणा साखरेने पुरता झाकत नाही.

खात्री करायची तर कोथिंबिरीची एक जुडी कोरडी करून दोन भाग करा. एक भाग सफरचंदासोबत पिशवीत बांधा, दुसरा तशाच पिशवीत एकटा. दोन्ही फ्रिजच्या एकाच कप्प्यात ठेवा आणि चार-पाच दिवसांनी उघडून बघा. सफरचंदासोबतची आधी पिवळी पडली, तर दोष वायूचा. दोन्ही काळ्या, चिकट झाल्या तर ती पाण्याने कुजली आहे. तिथे सफरचंदाचा काही संबंध नाही.

मग ठेवायचं कसं? भाजीचा ट्रे भाजीलाच राहू द्या. सफरचंदं झाकणाच्या डब्यात घालून वरच्या कप्प्यात ठेवावीत. थंडीत वायू कमी सुटतो, पण बंद होत नाही. मार लागलेलं सफरचंद जास्त वायू सोडतं, ते आधी खाऊन टाका. केळी फ्रिजमध्ये काळी पडतात, म्हणून ती बाहेरच असतात. पण बऱ्याच घरी ती भाजीच्या टोपलीवरच ठेवलेली दिसतात! खाली काकडी असते, वांगी असतात. त्यापेक्षा फणी खिडकीजवळ खिळ्याला टांगा, वारा लागला की वायू साचत नाही. पिकलेला टोमॅटोही थोडाफार वायू सोडतो, तोही पालेभाजीपासून लांबच बरा.

अशी पिवळी पडलेली भाजी विषारी नसते. पिवळी पानं निवडून बाकीची त्याच दिवशी फोडणीला टाकली तरी चालते.