कानाचं काम डोळ्यांकडे : फोनवर उमटणाऱ्या बोलण्याची गोष्ट

आजचा भाग गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतून. इथे माझ्या आत्याबाईंना कमी ऐकू येतं. त्यांच्या फोनवर समोरच्याचं बोलणं मराठीत लिहून येतं. ही सोय कुठून आली, तेच आज पाहू.

गूगलमध्ये दिमित्री कानेव्हस्की नावाचे संशोधक आहेत. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी कुणीतरी माणूस दुरून ऐकून टाइप करायचा, पण त्याची वेळ आधी ठरवावी लागे. चहा घेताना गप्पा मारायच्या, तर काय करणार? त्यांचे सहकारी चेट नेगी यांनी ही अडचण पाहून फोनवरच बोलणं उमटवून पाहिलं. त्यातून ४ फेब्रुवारी २०१९ रोजी 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' जाहीर झालं. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाचीही त्यात साथ होती.

मराठीची सोय मात्र त्याआधीची. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आली. ट्रान्स्क्राइब आवाज इंटरनेटवरून गूगलच्या यंत्रांकडे पाठवायचं, त्यामुळे तिथे तयार असलेल्या भाषा त्याला लगेच वापरता आल्या. २०१९ मध्येच आलेलं 'लाइव्ह कॅप्शन' वेगळं. ते फोनमध्ये वाजणाऱ्या व्हिडिओचं बोलणं फोनमध्येच, नेट न वापरता लिहितं. म्हणून प्रत्येक भाषा फोनमध्ये मावेल एवढी लहान करावी लागते. सुरुवात फक्त इंग्रजीने झाली.

आता मुर्रीतलं बघा. पंखा सुरू, फोन आत्याबाईंच्या मांडीवर, आणि मामाजी दारातून बोलून राहिले. 'धान' म्हटलं, तर पडद्यावर 'दान'! फोन मामाजींजवळच्या स्टुलावर ठेवला, पंखा बंद केला, तेव्हा शब्द बरोबर आले. माइक आवाजाच्या जितका जवळ, तितका गोंगाट कमी मिसळतो. इथलं बोलणं मराठी-हिंदी मिसळलेलं, त्यात झाडीबोली. ॲपमध्ये दोन भाषा निवडून बटणाने बदलता येतात, पण झाडीबोलीचे खास शब्द त्याला जवळच्या प्रमाण मराठी शब्दांसारखे वाटतात. वाक्य भलतंच दिसलं, तर पुन्हा विचारायचं.

ट्रान्स्क्राइबसोबतच 'साउंड ॲम्प्लिफायर' आलं. वयाने कान गेले की आधी बारीक, उंच आवाज जातात : स, श, त, ख. म्हणून "ऐकू येतं, पण समजत नाही" अशी तक्रार असते. सगळंच मोठं केलं तर भांड्यांचा आवाजही कानठळ्या बसवतो. हे ॲप हळू आवाज जास्त उचलतं, मोठे फारसे वाढवत नाही. सुरुवातीला ते वायरच्या इयरफोनवरच चालायचं. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

ही श्रवणयंत्राची जागा नाही. कानाची तपासणी आधी. आत्याबाई घरात ॲम्प्लिफायर लावतात आणि बँकेत, दवाखान्यात वाचतात. औषधाचा डोस मात्र कागदावरच लिहून घेतात.