एकं, दहं, शतं आणि उद्याची सकाळ

उद्याची सकाळ आहे का? ‘होईल का’ असं मी विचारत नाही, ‘आहे का’ असं विचारतोय. मुंबईत बसलेल्या माणसासाठी पुणं ‘आहे’, फक्त ते ‘इथे’ नाही. तसंच उद्याची सकाळ आहे, फक्त ती ‘आत्ता’ नाही, असं म्हणता येईल का?

काश्मीर-गांधार भागात प्रबळ असलेला एक बौद्ध संप्रदाय याचं उत्तर ‘हो’ असं देत असे. त्याचं नावच सर्वास्तिवाद. त्यांची दोन कारणं लक्षात ठेवा. एक, ज्ञानाला विषय लागतो. गेलेल्या आणि येणाऱ्या गोष्टींचं ज्ञान होतं, म्हणजे त्या असल्या पाहिजेत. दुसरं, कर्म आज संपतं आणि फळ पुढे कधीतरी येतं. संपलेलं कर्म मुळीच नसेल, तर फळ देणार कोण?

पण सगळंच ‘आहे’ म्हटलं, की भूत, वर्तमान आणि भविष्य यांत फरक काय उरतो? वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यात या प्रश्नाला चार आचार्यांनी दिलेली उत्तरं नोंदवली आहेत. त्यांतली दोनच आज घेऊ.

बुद्धदेव म्हणतात, फरक नात्याचा आहे. एकच बाई कुणाची मुलगी असते आणि कुणाची आई. तशी एकच गोष्ट आधीच्यांच्या आणि नंतरच्यांच्या संदर्भात भूत, वर्तमान किंवा भविष्य म्हटली जाते. वसुमित्र म्हणतात, फरक स्थानाचा आहे. मोजणीची गोटी एकं च्या घरात ठेवली तर एक, शतं च्या घरात ठेवली तर शंभर, गोटी तीच. एखादी गोष्ट आपलं कार्य करू लागलेली नसेल तर ती भविष्य, करत असेल तर वर्तमान, करून थांबली असेल तर भूत. चौघांत हे मत सर्वांत चांगलं मानलं गेलं.

वसुबंधूंनी मात्र दोघांनाही धरलं. बुद्धदेवांवरचा आक्षेप असा: भूतकाळातलेच तीन क्षण घ्या. त्यांतही एक आधीचा, एक मधला, एक नंतरचा आहेच. मग एका भूतकाळातच तिन्ही काळ मानायचे का? म्हणजे ‘आधी-नंतर’ एवढ्यावरून ‘आत्ता’ हाती लागत नाही. वसुमित्रांना प्रश्न असा: ती गोष्ट कायमच आहे, तर तिला कार्य करण्यापासून अडवतं कोण? आणि ते कार्य स्वतः भूत, वर्तमान की भविष्य? त्यासाठी दुसरं कार्य मानलं, तर तिसरं मानावं लागेल, आणि याला शेवट नाही.

आता केंब्रिजला चला. 1908 मध्ये मॅक्टॅगार्टने ‘माइंड’ या नियतकालिकात काळ मिथ्या आहे असा लेख लिहिला. त्याने दोन मालिका वेगळ्या केल्या. पहिली भूत-वर्तमान-भविष्य अशी, सतत बदलणारी. दुसरी आधी-नंतर अशी, कधीच न बदलणारी. तो म्हणतो, दुसरीने एकटीने काळ बनत नाही, कारण तिच्यात बदल नाही. आणि पहिली मानली, तर प्रत्येक घटना भूतही, वर्तमानही आणि भविष्यही ठरते. ‘एकाच वेळी नाही हो, वेगवेगळ्या वेळी’ असं म्हणावं, तर त्या वेळांना पुन्हा तोच प्रश्न. वसुबंधूंची दोन्ही टोकं इथे दिसतात. निष्कर्ष मात्र वेगळा: मॅक्टॅगार्टने काळच नाकारला, वसुबंधूंनी फक्त वर्तमान ठेवला. त्यांच्या मते भविष्य ‘आहे’ म्हणजे कारणं जुळली तर ते ‘होईल’, इतकंच.

मग आधी-नंतर एवढंच पुरेसं मानणाऱ्यांचं काय? 1959 मध्ये आर्थर प्रायरने त्यांना साध्या अनुभवाने कोंडीत पकडलं. परीक्षा संपते आणि आपण म्हणतो, “सुटलो एकदाचे!” आनंद कशाचा होतो? ‘परीक्षा अमुक तारखेला पाच वाजता संपते’ याचा? ते तर महिनाभर आधीही खरं होतं, तेव्हा पोटात गोळाच होता. आनंद होतो तो ‘आता’ संपली याचा. विरुद्ध बाजू उत्तर देते, की सुटकेची भावना परीक्षेनंतरच उपयोगाची, म्हणून ती तेव्हाच येते. त्यासाठी जगात वेगळा ‘आत्ता’ नको. हे उत्तर भावना कधी येते ते सांगतं. पण ती ज्या गोष्टीबद्दल आहे, ती सांगतं का? मला अजून पटलेलं नाही.

शेवटी एक गल्लत टाळू. भविष्य खरं असेल तर प्रयत्न फुकट, असं होत नाही. सर्वास्तिवादी भिक्षू भविष्य ‘आहे’ मानूनही साधना करत होते, कारण त्या भविष्यातल्या गोष्टी कार्याला लागायच्या तर त्यांनाही कारणं लागतातच. उद्याचा निकाल ‘आहे’ असं मानलं, तरी तो आजच्या अभ्यासामुळेच तसा आहे. भविष्य आहे का हा एक प्रश्न, ते आपल्याविना ठरलंय का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, म्हणून दुसऱ्याचंही ‘हो’ येत नाही.