बॅफल जवळ आणले की हीट एक्स्चेंजरमध्ये काय बदलतं?

शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजरमध्ये नळ्यांबाहेरचं पाणी बॅफलमुळे नागमोडी वाहतं. केर्न पद्धतीत त्याचा आडवा प्रवाहमार्ग असा काढतात: शेलचा व्यास × बॅफलमधलं अंतर × (नळ्यांमधली फट ÷ पिच).

समजा, शेल 500 मिमी, बॅफलमधलं अंतर 200 मिमी, नळ्या 20 मिमी आणि चौकोनी पिच 25 मिमी. मार्ग 0.02 चौरस मीटर येतो. सेकंदाला 10 किलो पाणी सोडलं, तर वेग 0.5 मीटर प्रतिसेकंद. चार नळ्यांमधल्या मोकळ्या जागेवरून समतुल्य व्यास 19.8 मिमी निघतो. 30 अंशाच्या पाण्यासाठी उष्णता-संक्रमण गुणांक सुमारे 3,500 W/m²K येतो.

अंतर निम्मं केलं, तर गुणांक जेमतेम दीडपट होतो. दाबातली घट मात्र सात-आठपट. शिवाय बॅफल आणि शेलमधल्या फटीतून निसटणारं पाणी हे गणित वेगळं मोजत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष गुणांक कमी भरू शकतो.